सहा उतारे, एक तास आणि पुण्याचा प्लेग

माझी भाची अमेरिकेत हायस्कूलला आहे आणि यंदा एपी वर्ल्ड हिस्टरीची परीक्षा देतेय. त्या परीक्षेतला सगळ्यात धाकाचा भाग म्हणजे डीबीक्यू, म्हणजे कागदपत्रांवर आधारलेला निबंध. एक प्रश्न आणि त्याच्यासोबत सात छोटे उतारे देतात. एक तास मिळतो, त्यातली पंधरा मिनिटं वाचायची. एकूण गुणांपैकी पंचवीस टक्के या एका निबंधावर असतात. ब्रिटनमधल्या किंवा आयबीच्या परीक्षेत नावं आणि आकडे वेगळे, पण काम बरंचसं हेच.

तिने मला सरावासाठी एक संच बनवून मागितला. "मामा, आपल्याकडचं काहीतरी दे ना, नेहमी तेच ते फ्रेंच रेव्होल्यूशन." मी पुण्याचा 1897 चा प्लेग निवडला आणि सातऐवजी सहाच उतारे काढले. तिने तासाभरात निबंध लिहून पाठवला. निबंध वाईट नव्हता. परीक्षेच्या तक्त्याने मोजला तर सातपैकी पाच गुण सहज मिळाले असते. पण वाचून मी अस्वस्थ झालो. तिने काढलेला निष्कर्ष इतिहासाच्या दृष्टीने चुकीचा होता, आणि तक्त्याला ते दिसलंच नसतं. पुढचं सगळं त्या अस्वस्थतेबद्दल आहे. थोडी टीका तिच्या निबंधावर, थोडी परीक्षेवर, आणि थोडी माझ्यावरही, कारण संच मीच बनवला होता.

संच काय होता

प्रश्न असा होता: 1897 मध्ये पुण्यात प्लेगविरोधी उपायांवर जो रोष उसळला, तो कितपत उपायांवर होता आणि कितपत ते राबवण्याच्या पद्धतीवर?

पार्श्वभूमी थोडक्यात. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग आढळला. काही महिन्यांत तो पुण्यात पोचला. सरकारने डब्ल्यू. सी. रँड या सनदी अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली खास प्लेग समिती नेमली. मार्च ते मे या काळात सैनिकांच्या तुकड्या घरोघर शिरून रोगी शोधत होत्या. रोग्याला इस्पितळात, घरच्यांना वेगळ्या छावणीत आणि घराची जंतुनाशकाने सफाई, असा क्रम होता. 22 जूनच्या रात्री रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चाफेकर बंधूंची गोष्ट बहुतेकांनी आजी-आजोबांकडून ऐकलेली असते, ती इथून सुरू होते. माझा संच मात्र मुख्यतः त्या गोळ्यांच्या आधी काय झालं याबद्दल होता.

उतारा 1 म्हणजे फेब्रुवारी 1897 च्या साथरोग कायद्यातली कलमं: नेहमीचे कायदे अपुरे वाटले तर सरकारला तात्पुरते नियम करण्याचा अधिकार, आणि कायद्याखाली सद्हेतूने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा चालणार नाही अशी तरतूद. उतारा 2 हा मे महिन्यातला केसरीतला मजकूर. हे काम रँडसारख्या संशयी आणि जुलमी वृत्तीच्या माणसावर सोपवायला नको होतं, असा त्याचा रोख. उतारा 3 म्हणजे पंडिता रमाबाईंचं मे महिन्यातलं 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती वृत्तपत्रातलं पत्र. प्लेगच्या इस्पितळात आणि छावणीत बायकांना कसं वागवलं जातं, आणि आपल्या संस्थेतल्या एका मुलीच्या वाट्याला काय आलं, याबद्दलची ती तक्रार. उतारा 4 रँड यांच्या समितीच्या अहवालातला. कुणा स्त्रीचा हेतुपुरस्सर विनयभंग झाल्याची विश्वासार्ह तक्रार समितीकडे किंवा तुकड्यांवरच्या अधिकाऱ्यांकडे आली नाही, असं तो समाधानाने नोंदवतो. उतारा 5 म्हणजे गोपाळ कृष्ण गोखल्यांचं जुलैमधलं 'मँचेस्टर गार्डियन'मधलं निवेदन. गोखले तेव्हा वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेले होते. सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यातल्या एकीने जीव दिला, असं विश्वासार्ह वाटणारं वृत्त आपल्याला कळलं आहे, असं त्यांनी सांगितलं. उतारा 6 म्हणजे हिंदुस्थानात परतल्यावर ऑगस्टमध्ये त्यांनी दिलेली बिनशर्त माफी. आरोप त्यांना सिद्ध करता आला नाही, आणि ज्यांनी कळवलं होतं त्यांची नावंही पुढे करता आली नाहीत.

तिने काय लिहिलं

तिच्या निबंधाचा गाभा असा होता: "उतारा 2, 3 आणि 5 म्हणतात की सैनिकांनी अत्याचार केले. पण उतारा 4 म्हणतो की तक्रार आली नाही, आणि उतारा 6 मध्ये गोखल्यांनी स्वतःच आरोप मागे घेतला. टिळक राष्ट्रवादी होते, म्हणून उतारा 2 पक्षपाती आहे. यावरून दिसतं की रोष बराचसा अफवांवर आधारलेला होता."

परीक्षकाच्या नजरेने बघा. सध्याच्या तक्त्यात प्रतिपादनाला एक गुण आहे, पार्श्वभूमीला एक. तीन उताऱ्यांचा आशय नीट सांगितला तर एक, आणि चार उतारे युक्तिवादासाठी वापरले तर त्याच खात्यात दुसरा. बाहेरचा एक पुरावा आणला तर एक. दोन उताऱ्यांबाबत लेखकाचा दृष्टिकोन, हेतू, वाचक किंवा काळ यांचा युक्तिवादाशी संबंध दाखवला तर एक. शेवटचा एक गुण गुंतागुंतीच्या समजेला. तिच्याकडे प्रतिपादन होतं, पार्श्वभूमी होती, पाच उतारे होते. रँडचा खून तिने बाहेरचा पुरावा म्हणून आणला होता. पाच गुण झाले.

आता इतिहासाच्या नजरेने बघा. तिने उतारे मोजले. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन, त्यातल्या तिनांपैकी एक पक्षपाती म्हणून बाद आणि एकाने स्वतःच माघार घेतलेली. जणू मतदान चाललंय. कागद मतदान करत नाहीत. एखादा कागद दुसऱ्याच्या आधारावर उभा असू शकतो. मग ते दोन साक्षीदार नसतात, एकच असतो. कधी दोन कागद एकमेकांच्या विरोधी गटातून येऊनही एकच गोष्ट सांगतात, तेव्हा त्यांचं वजन दोनापेक्षा जास्त होतं. ही बेरीज-वजाबाकी तक्ता शिकवत नाही.

"त्यांना हे कसं कळलं?"

शाळेत उताऱ्यांची चिकित्सा शिकवताना चार गोष्टी विचारायला लावतात: काळ कोणता, वाचक कोण, हेतू काय, दृष्टिकोन कोणाचा. चारही प्रश्न चांगले आहेत. पण पाचवा, माझ्या मते सगळ्यात कामाचा प्रश्न त्यात नाही: लिहिणाऱ्याला हे कसं कळलं?

पंधरा मिनिटांच्या वाचनात प्रत्येक उताऱ्याच्या शेजारी या प्रश्नाचं उत्तर पाच-सहा शब्दांत लिहायला मी भाचीला सांगितलं. आमच्या संचाचं चित्र लगेच बदललं.

कायदा (1) कशाचाच साक्षीदार नाही. तो घडलेलं सांगत नाही, काय करायला मोकळीक होती ते सांगतो. केसरी (2) पुण्यातच निघत होता आणि टिळक साथीत शहर सोडून गेले नव्हते. त्यांनी हिंदूंसाठी प्लेगचं इस्पितळही काढलं होतं. रमाबाई (3) आपल्याच संस्थेतल्या मुलीबद्दल बोलतायत. छावणीत त्या स्वतः होत्या असं नाही, पण त्या मुलीला ओळखणारी व्यक्ती बोलतेय. समिती (4) फक्त आपल्याकडे आणि आपल्या अधिकाऱ्यांकडे काय पोचलं ते सांगते. गोखले (5) हजारो मैलांवर आहेत. त्यांच्याकडे आहेत ती पुण्याहून आलेली पत्रं आणि वर्तमानपत्रं.

मग पुढचा प्रश्न आपोआप येतो. रमाबाईंचं पत्र मेमध्ये छापलं गेलं, गोखले जुलैमध्ये बोलले. गोखल्यांच्या मनावर त्या पत्राचा परिणाम झाला असेल का? तारखा तसं होऊ देतात. म्हणजे 3 आणि 5 हे दोन स्वतंत्र साक्षीदार आहेत असं गृहीत धरता येत नाही. पण 2 आणि 3 बघा. 1893 मध्ये शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती केलं जातं म्हणून केसरीने रमाबाईंवर झोड उठवली होती. या दोघांचं एकमेकांशी सूत जुळण्यासारखं काही नव्हतं. एक ब्राह्मणी पुण्याचं मुखपत्र, दुसरी त्याच पुण्याने वाळीत टाकल्यासारखी केलेली ख्रिस्ती विदुषी, आणि पत्रही ख्रिस्ती वाचकांच्या पत्रात छापलेलं. तरी दोघं एकाच महिन्यात त्याच कारभाराबद्दल तक्रार करतात. भाचीने टिळकांना "राष्ट्रवादी म्हणून पक्षपाती" म्हणून बाजूला काढलं होतं. पण रमाबाईंना त्या कारणाने बाजूला काढता येत नाही. नेमक्या या जोडीत तिच्या निबंधाचा सगळ्यात भक्कम पुरावा होता, आणि तिने तो एका कंसात "(2, 3, 5)" असा गुंडाळून टाकला होता.

एक मर्यादा लगेच सांगतो, कारण इथे उत्साहात घसरायला होतं. 2 आणि 3 मिळून एवढंच दाखवतात की पद्धतीबद्दलची तक्रार एका गटापुरती नव्हती. गोखल्यांनी सांगितलेली विशिष्ट घटना घडली, हे त्यातून सिद्ध होत नाही. रमाबाईंचा आरोपही मुंबई सरकारने नाकारला होता.

"तक्रार आली नाही" म्हणजे काय?

उतारा 4 तिने "अत्याचार झाले नाहीत" असा वाचला. तो तसं म्हणत नाही. त्याच्या वाक्यात तीन गाळण्या आहेत. तक्रार "विश्वासार्ह" हवी, आणि ती विश्वासार्ह आहे की नाही हे ठरवणार ज्यांच्याविरुद्ध ती आहे तेच. अपमान "हेतुपुरस्सर" हवा. म्हणजे परका सैनिक स्वयंपाकघरात किंवा देवघरात शिरला, आजारी बाईला उजेडात आणून पुरुषांनी तपासलं, आणि तिला ते अपमानास्पद वाटलं, तर ते या वाक्यात मोजलंच जात नाही. आणि तक्रार समितीपर्यंत किंवा तुकडीच्या अधिकाऱ्यापर्यंत पोचलेली हवी. म्हणजे 1897 च्या पुण्यातल्या एखाद्या बाईने किंवा तिच्या घरच्यांनी त्याच सैन्याच्या अधिकाऱ्याकडे जाऊन, नाव सांगून, बोलायला हवं होतं.

इथे उतारा 1 उपयोगी पडतो. भाचीने तो फक्त पार्श्वभूमीत वापरला होता. सद्हेतूने केलेल्या कृत्यावर दावा चालणार नाही असं कायदाच सांगत असेल, तर झडती, सामान जाळणं, घरातून हलवणं याबद्दल दाद मागायला लोक कोर्टात कशाला जातील? पण पुन्हा तीच सावधगिरी. हे कलम बलात्काराला किंवा मारहाणीला संरक्षण देत नव्हतं, कारण ते "सद्हेतूने" या शब्दात बसत नाही. त्यामुळे "कायद्याने अत्याचाराला परवानगी दिली" असं लिहिलंत तर परीक्षक खोडणार नाही कदाचित, पण ते चूक आहे. बरोबर वाक्य असं: कायद्याने तक्रारीची एक नेहमीची वाट अरुंद केली होती, म्हणून तक्रारी न पोचणं हा तक्रारी नसण्याचा पुरावा कमजोर ठरतो.

"पक्षपाती" हा शब्द मी तिला निबंधातून काढूनच टाकायला सांगितला. रँडची समिती पक्षपाती, टिळक पक्षपाती, गोखले पक्षपाती, मग उरलं काय? त्या शब्दाच्या जागी एक वाक्य लिहायचं: या कागदावर अमुक गोष्टीसाठी विसंबता येतं, तमुक गोष्टीसाठी नाही. समितीच्या अहवालावर समितीकडे काय नोंदलं गेलं यासाठी विसंबता येतं, छावणीत काय घडलं यासाठी नाही. केसरीवर पुण्यातल्या शिकलेल्या वर्गाचा राग कुणावर होता यासाठी विसंबता येतं, रँडचा स्वभाव खरंच कसा होता यासाठी नाही. असं वाक्य लिहिता आलं नाही, तर चिकित्सा झालेली नाही, नुसतं लेबल लागलंय.

माफीचं काय करायचं?

सगळ्यात अवघड उतारा सहावा. वाचणारा म्हणणारच की माणसाने स्वतः शब्द मागे घेतले, विषय संपला. पण काय मागे घेतलं ते बघायला हवं. गोखल्यांकडे घटनेचं ज्ञान नव्हतंच, दुसऱ्यांनी कळवलेलं वृत्त होतं. माफीतून सिद्ध होतं ते एवढंच, की ते वृत्त सिद्ध करण्याजोगा माणूस उभा राहिला नाही. का राहिला नाही? एक कारण म्हणजे वृत्तच खोटं असेल. दुसरं म्हणजे पुढे येण्याची किंमत फार होती. 27 जुलैला टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली होती, माफी त्यानंतर काही दिवसांत आलीय, आणि खुनाचा तपास जोरात चालू होता. अशा वेळी पत्र लिहिणाऱ्याने नाव उघड करू नको म्हणणं समजण्यासारखं आहे. आणि त्या बाईच्या घरच्यांनी तर नक्कीच.

या दोन कारणांतलं खरं कोणतं, ते या सहा उताऱ्यांतून ठरत नाही. निबंधात ते तसंच लिहायचं. विद्यार्थ्यांना वाटतं की "ठरत नाही" लिहिलं की गुण जातात. उलट, नेमकं काय ठरत नाही आणि का, हे सांगितलं तर गुंतागुंतीचा तो सातवा गुण मिळण्याची शक्यता वाढते. फक्त प्रतिपादन त्या न ठरणाऱ्या गोष्टीवर उभं करायचं नाही. इथे प्रश्न रोषाबद्दल आहे, त्या दोन स्त्रियांबद्दल नाही. रोष कशावर होता हे सांगायला गोखल्यांचं निवेदन खरं असण्याची गरजच नाही. पुण्यातली शहाणी माणसं असं वृत्त विश्वासार्ह मानत होती, एवढंही त्या पद्धतीवरच्या अविश्वासाचा पुरावा आहे.

कंसातला आकडा

आता संदर्भ देण्याबद्दल, कारण तिचा पहिला प्रश्न तोच होता: "बिब्लिओग्राफी लागत नाही ना?" नाही लागत. संच परीक्षकाच्या समोर असतो. संदर्भाचं काम वाचणाऱ्याला मूळ जागी नेऊन पोचवणं, आणि "(उतारा 3)" एवढ्याने तो पोचतो. मी माझ्या शोधनिबंधात दप्तराचं नाव, वर्ष, खंड, पान लिहितो, तेही याच कामासाठी. मात्र ही सवय कॉलेजच्या पेपरात नेऊ नका. तिथे वाचणाऱ्याकडे तुमचा संच नसतो, म्हणून कंसातला आकडा त्याला कुठेच नेत नाही.

माझी तक्रार आकड्याबद्दल नाही, आकडा माणसाची जागा घेतो त्याबद्दल आहे. "उतारा 3 म्हणतो" या वाक्यात रमाबाई गायब झाल्या. त्या गायब झाल्या म्हणून त्या आणि टिळक एका बाजूला असणं किती विलक्षण आहे हे लिहिणारीला दिसलंच नाही. म्हणून कोण, कधी, कोणाला, हे वाक्यातच लिहायचं आणि कंसात फक्त पत्ता. अवतरण द्यायचं असेल तर चार-पाच शब्द पुरतात, बाकी आपल्या शब्दांत. आणि एका कंसात दोनापेक्षा जास्त आकडे आले, तर थांबून बघायचं की आपण वेगवेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरत नाही ना.

तिने दुसऱ्यांदा लिहिलेला परिच्छेद तिच्या परवानगीने देतो. इंग्रजीत होता, मराठी आम्ही दोघांनी मिळून केलं:

"रोष मुख्यतः उपाय राबवण्याच्या पद्धतीवर होता. केसरीने मे 1897 मध्ये उपाय कुणाच्या हाती दिले यावर टीका केली (उतारा 2), आणि टिळकांनी स्वतः प्लेगचं इस्पितळ चालवलं, म्हणजे रोग्याला वेगळं ठेवण्याला त्यांचा सरसकट विरोध नव्हता. त्याच महिन्यात पंडिता रमाबाईंनी ख्रिस्ती वृत्तपत्रात आपल्या मुलीला मिळालेल्या वागणुकीची तक्रार केली (उतारा 3). टिळक आणि रमाबाई एरवी एकमेकांचे विरोधक असल्यामुळे ही तक्रार एका पक्षाचा प्रचार म्हणून सोडून देता येत नाही. समितीने विश्वासार्ह तक्रार आली नाही असं नोंदवलं (उतारा 4), पण त्यातून समितीपर्यंत काय पोचलं एवढंच कळतं. कायद्याने अधिकाऱ्यांच्या सद्हेतूच्या कृत्यांना संरक्षण दिलं होतं (उतारा 1), त्यामुळे पोचण्याची वाटही अरुंद होती."

हा परिच्छेद फार सुंदर नाही, आणि तासाभरात सुंदर लिहायची अपेक्षाही नसते. पण यात चार उतारे आहेत, बाहेरचा एक पुरावा आहे, आणि मुख्य म्हणजे उतारे एकमेकांशी बोलतायत. यातल्या प्रत्येक कंसाच्या आधी एक माणूस, एक संस्था किंवा एक कायदा उभा आहे.

संच बनवणाऱ्याबद्दल

शेवटी माझी चूक. पहिला निबंध वाचून मी तिला विचारलं की अफवांचं प्रतिपादन कुठून सुचलं. ती म्हणाली, "शेवटी माफी होती ना. मला वाटलं, ते उत्तर आहे." मी उतारे साधारण तारखेने लावले होते, म्हणून माफी शेवटी आली. रमाबाईंचं पत्र शेवटी ठेवलं असतं, तर कदाचित तिने उलटा निबंध लिहिला असता. शिवाय प्रत्येक उतारा मी साठ-सत्तर शब्दांवर आणला होता. कोणती वाक्यं ठेवायची हे मी ठरवलं होतं. म्हणजे त्या संचाचा सातवा लेखक मी होतो आणि माझ्या नावाचा उतारा त्यात नव्हता. परीक्षेच्या संचालाही असा लेखक असतो.

यावर एक जुना उपाय परीक्षेतच होता. पूर्वी वर्ल्ड हिस्टरीच्या या प्रश्नात, उदाहरणार्थ 2010 साली भारत आणि जपानच्या कापडगिरण्यांवर आलेल्या प्रश्नात, विद्यार्थ्याला विचारायचे: संचात नसलेला कोणत्या प्रकारचा आणखी एक कागद तुम्हाला हवा आहे, आणि तो कशी मदत करेल? नंतर ही अट काढून टाकली. मला ती काढणं पटलेलं नाही. मुलं ठोकळेबाज उत्तरं देत असतील, "एखाद्या शेतकऱ्याचं मत हवं होतं" अशी. पण तो एकच प्रश्न होता जो संचाच्या बाहेर बघायला भाग पाडायचा.

आमच्या संचाला तो प्रश्न विचारून बघा. सहा उतारे: एक कायदा, एक संपादक, एक संस्थाचालक, एक समिती आणि एकच पुढारी दोनदा. सगळा वाद छावणीतल्या बायकांबद्दल आहे, आणि छावणीतली बाई एकाही उताऱ्यात बोलत नाही. रमाबाईंच्या पत्रातली मुलगी सगळ्यात जवळ येते, पण तिच्याबद्दलही दुसरंच कोणी बोलतंय. हे निबंधाच्या शेवटी दोन वाक्यांत लिहिलं तर गुण मिळेल की नाही, सांगता येत नाही. भाचीने ते लिहिलं. तिचं शेवटचं वाक्य होतं की रोष कशावर होता हे या उताऱ्यांवरून सांगता येतं, पण त्या बायकांवर काय ओढवलं ते सांगता येत नाही, आणि हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

मी त्याखाली काही लिहिलं नाही. फक्त पुढच्या संचात उतारे चिठ्ठ्या टाकून लावायचं कबूल केलं.